सारांशात न सांगितलेला पाय

कागदांचे फोटो पाठवणाऱ्यांवर माझा फार राग. कोपऱ्यावर अंगठा, मजकुरावर पंख्याची सावली, मधलंच पान गायब आणि वर ‘मॅडम, अर्जंट!’ अलिबागला कोर्टामागच्या गल्लीत माझं इंग्रजी-मराठी भाषांतराचं टेबल आहे. तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला: कशासाठी हवंय? नुसतं समजून घ्यायचं असेल तर सारांश पुरतो. सही करायची असेल, दावा लावायचा असेल, तर ओळ न ओळ, शिक्क्यांसकट. न दिसणारा शब्द मी अंदाजाने भरत नाही, तिथे ‘अस्पष्ट’ असं लिहिते. या काटेकोरपणाचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी रेवदंड्याहून सासू-सुना आल्या. मुलगा बोटीवर खलाशी. परदेशातल्या बंदरात जाड दोर तुटून त्याच्या पायावर बसला होता. तिथल्या इस्पितळाची फाईल त्याने पान पान फोटो काढून बायकोला पाठवली होती. सुनेला पूर्ण भाषांतर हवं होतं. भरपाईच्या कागदावर नवरा सही करायच्या आधी तिला सगळं नीट कळायला हवं होतं.

म्हातारीला तेवढा धीर नव्हता. “बाय, मला आत्ताच थोडक्यात सांग.”

“कशासाठी हवंय, मावशी?” सवयीने विचारलं.

“तो घरी आल्याव कसा करायचा, ते ठरवाया. घराला पायऱ्या हायेत, मोरी मागल्या दाराला. काय तयारी करू?”

इतकं स्वच्छ उत्तर मला वकीलसुद्धा देत नाहीत. मी फोनवर पानं सरकवत गेले. शस्त्रक्रियेच्या पानावर थांबले. उजवा पाय गुडघ्याखाली कापला होता. मी सुनेकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तिला ठाऊक होतं.

म्हातारीच्या मांडीवर पिशवी होती. त्यात मुलासाठी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणले होते. कुणी तिकडे जाणारा भेटला तर द्यायला, म्हणाली. मी ते पान पुढे सरकवलं.

“ऑपरेशन झालंय,” मी म्हटलं. “जीवाला धोका नाही. जखम भरत आलीय. प्रवास जमेल तेव्हा घरी पाठवतील.”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळी फाईलमधलीच. म्हातारीने माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि मला लाज वाटण्याऐवजी बरं वाटलं, हे आज जास्त टोचतं.

ती रिक्षा बघायला बाहेर गेली तेव्हा सून म्हणाली, “ह्यांनी मला फोनवर शपथ घातलीय, आईंना पायाचं सांगायचं नाही. म्हणून मी गप्प.”

“मग तुम्हीच वेळ बघून सांगा,” असं म्हणून मी मोकळी झाले. भाषांतर मात्र इमानेइतबारे केलं. एक पान फारच धूसर होतं, ते पुन्हा मागवलं. औषधांची नावं मूळ लिपीत ठेवली. ज्या पानाने काम अडलं असतं त्यावर मेहनत घेतली आणि ज्या बाईचं घर अडणार होतं तिला गोड बोलून वाटेला लावलं.

भाषांतर न्यायला सून आली तेव्हा मी विचारलं, “सांगितलंत?”

“एकदा सांगायला गेले. म्हणाल्या, तू मला भिववतेस. बायने कागद वाचलाय, तिला जास्त कळतंय.”

माझे चार शब्द तिच्या घरात कागदापेक्षा खरे ठरले होते. मी सुनेला म्हटलं, त्यांना घेऊन या, मी वाचते. तुमच्या नवऱ्याला काय सांगायचं ते मी बघेन.

म्हातारी आली. मी पूर्ण भाषांतर समोर ठेवलं आणि पहिल्यापासून वाचत गेले. पाय कापल्याची ओळही न गाळता वाचली. ती रडली नाही. माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली.

“ह्ये त्या दिशीबी लिवलेलं व्हतं?”

“होतं, मावशी.”

“मग माझा पोर...” ती थांबली. पदर तोंडाला लावला, काढला. “मी त्याला रोज फोनवर शिव्या घालते, बाय. पडून काय ऱ्हातोस, म्हणते. ऊठ, चार पावलं चाल. आन् तो हसतो नं म्हणतो, व्हय आये, उद्यापासून चालतो.”