बारा वाजता कुलूप

ऑफिसात त्यांना सगळे घड्याळबाई म्हणत. सतरा वर्षं त्या सॉफ्टवेअर तपासत होत्या. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका गोड शब्दांत दाखवायच्या आणि वर बोलणी खायची. दोन दिवसांची हॅकेथॉन, म्हणजे झटपट अ‍ॅप बनवून दाखवायची स्पर्धा, जाहीर झाली आणि साहेबांनी त्यांना महर्षींच्या गळ्यात बांधलं. महर्षी म्हणजे ऑफिसातले सर्वांत हुशार प्रोग्रामर. दरवर्षी जग बदलणारी कल्पना आणायचे आणि दरवर्षी सादरीकरणात "हे बटण लवकरच चालू होईल" म्हणून खाली बसायचे. तिसरी एक डिझायनर. ती कुणाच्याच अध्यातमध्यात नसे.

पहिल्या दिवशी नऊला बाईंनी भिंतीवर कागद चिकटवला. साडेदहापर्यंत कल्पना ठरवायची, बारापर्यंत तिची काटछाट, आणि संध्याकाळपर्यंत अ‍ॅपमधलं एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालतं करायचं. दुसऱ्या दिवशी बाराला कुलूप! त्यानंतर नवं काही नाही, फक्त दुरुस्ती. दोनला तालीम, तीनला तिचं रेकॉर्डिंग, ऐनवेळी दगा झालाच तर दाखवायला. चारला सादरीकरण.

"प्रतिभेला वेळापत्रक नसतं, बाई," महर्षी म्हणाले.

"परीक्षकांना असतं."

महर्षींच्या सात कल्पना निघाल्या. बाई प्रत्येकीला तेच विचारत: दोन दिवसांत होईल? चालताना दाखवता येईल? कुणाला हवंय? सातही गारद झाल्या. उरली बाईंची: दवाखान्यात ताटकळणाऱ्या पेशंटला नंबर जवळ आला की मोबाइलवर कळवायचं. त्यातही एकच डॉक्टर, एकच रांग, एकच निरोप.

"एवढंच?" महर्षींचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. पण संध्याकाळी पहिला निरोप खणखणला, तेव्हा टाळी त्यांनीच वाजवली.

दुसऱ्या दिवशी बाराला बाईंनी चालती प्रत जपून ठेवली. महर्षी जेवायला गेले आणि दीडला 'छोटीशी भर' घालून आले: आता अ‍ॅप पेशंटशी बोलणार होतं! दोनच्या तालमीत ते बोललं खरं, पण निरोप मात्र कुणालाच गेला नाही.

डिझायनर दोन दिवसांत पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाली, "सर, कुलूप तुम्हीच फोडलंत."

महर्षींना घाम फुटला. "तासाभरात नीट करतो!"

"तो तास आपल्याकडे नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी बाराची प्रत परत लावली आणि तालीम पहिल्यापासून घेतली.

चारला डिझायनरने डॉक्टर होऊन 'पुढचा' दाबलं आणि पेशंट झालेल्या एका परीक्षकांच्याच खिशातला फोन वाजला. सादरीकरणाला मिळालेल्या पाच मिनिटांतले चाळीस सेकंद तर उरले!

पहिलं बक्षीस अर्थातच ज्यांचं काहीच चाललं नाही, पण चित्रं फार देखणी होती, त्यांना मिळालं. बाईंचा दुसरा नंबर. चहाच्या वेळी महर्षी सगळ्यांना समजावत होते, "मी आधीपासूनच सांगत होतो, साधं ठेवा." बाईंनी ऐकलं आणि खुशाल बोलू दिलं. कारण परीक्षकांमधल्या एक डॉक्टरबाई त्यांना बाजूला घेऊन विचारत होत्या, "हे आमच्या दवाखान्यात कधी लावता?" सतरा वर्षांत कुणी त्यांना चूक सोडून दुसरं काही विचारायची ही पहिलीच वेळ होती.