चाळीस टक्के कशावर?

इझाबेलचं भांड्यांचं आणि मिक्सर-कुकरचं दुकान विरारजवळच्या वटार गावच्या नाक्यावर होतं. नवरा गेल्यावर तिने ते एकटीने चालवलं आणि कुणाला कीव करू दिली नाही. गोड बोलायची तिला सवय नव्हती. गिऱ्हाईक "किती कमी कराल?" म्हणालं, की ती म्हणायची, "आधीच केलंय. आता उठा किंवा घ्या." लोक घेतच असत.

दोन हजार चारची गोष्ट. विरारला स्टेशनजवळ मोठं दुकान निघालं होतं. त्यावर एवढाल्या अक्षरांत ४५% सूट, आणि त्याच्या बाजूला मुंगीएवढं 'पर्यंत'. नाताळ आणि लग्नसराई एकत्र आलेली. वर्षाची निम्मी विक्री या दोन महिन्यांतच व्हायची. हा हंगाम हातचा गेला, तर दुकान बंद करून गाळा भाड्याने द्यावा लागेल, हे इझाबेलने स्वतःच मला, तिच्या शेजारणीला, सांगितलं होतं.

तिचा भाचा केल्विन नुकताच आखातातून परतून दुकानात भागीदार झाला होता. इझाबेल दोन दिवस नातेवाइकांकडे गेली असताना त्याने कापडी फलक लावला, 'नाताळ धमाका! मिक्सरवर ४०% सूट.'

फलकाखाली पहिली आली ती अर्नाळ्याची यमुना. मासळी विकणारी, आवाज फाटका, हिशेब चोख. गेल्याच महिन्यात तिने थोरल्या लेकीसाठी इथूनच मिक्सर नेला होता. आता धाकटीचं लग्न. तिने पदराची गाठ सोडून बाराशे रुपये टेबलावर ठेवले. इझाबेल तेवढ्यात परत येऊन टेकली होती, आणि मी बाजूच्या स्टुलावर कुकरची रिंग घ्यायला थांबले होते.

"इझाबेलबाय, तोच मिक्सर काढ."

"बाराशे?" केल्विन हसला. "अठराशे मावशी, अठराशे!"

"अठराशे कसले? गेल्या महिन्यात दोन हजार घेतलेस. शंभराला चाळीस, म्हंजे दोन हजाराला आठशे. तुझ्या बोर्डावर लिवलंय, मी नाय लिवलं!"

"अहो, सूट एमआरपीवर असते. खोक्यावर बघा, तीन हजार छापलंय. त्याचे चाळीस टक्के बाराशे, वजा केले की अठराशे."

"तीन हजाराला कोनी घेतलाय काय कधी? तू घेतला असतास?"

इझाबेलने खोका फिरवून छापील किंमत पाहिली, मग बाहेर जाऊन फलक वाचून आली.

"केल्विन, हा मिक्सर आपण तीन हजाराला किती जणांना विकला?"

"एकालाही नाही. पण खोटं काय आहे मावशी? छापलेलं आहे, हिशेब बरोबर आहे. छापील किमतीच्या वर घेतलं तर गुन्हा. खाली कितीही घ्या."

"हिशेब बरोबर आहे," इझाबेल म्हणाली, "पण तिने वाचलं ते वेगळं. आणि तिने वेगळं वाचावं म्हणूनच तू ते तसं लिहिलंस."

इथे मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वर विकायला बंदी आहे म्हणून खाली फसवायला परवानगी आहे, असं नाही. सवलतीच्या नावाने दिशाभूल केली तर तीही ग्राहक कायद्यात बसत नाही." केल्विनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच विरारच्या दुकानाची मालकीण.

इझाबेलने यमुनेला मिक्सर बाराशेला दिला. खरेदीहून पाचशेंनी कमी. "चूक आमच्या बोर्डाची. पण ही किंमत तुलाच, यमुना. बोर्ड आता उतरतोय." आणि केल्विनला म्हणाली, "हे पाचशे तुझ्या हिश्शातून."

नव्या फलकावर तीन ओळी होत्या. छापील किंमत तीन हजार. आमची नेहमीची दोन हजार. नाताळपर्यंत अठराशे, म्हणजे आमच्या किमतीत दोनशे कमी. शेजारी कंपनीचं नाव घालून लिहिलेलं, सूट फक्त याच मिक्सरवर. केल्विन म्हणाला, "मावशी, हे वाचून कोण थांबणार?" खरंच फारसं कुणी थांबलं नाही. "फक्त दहा टक्के?" असं विचारून लोक विरारला गेले. केल्विन रोज संध्याकाळी तोंड पाडून शटर ओढायचा.

आठवड्याभराने अर्नाळ्याच्या चौघी आल्या, यमुनेबरोबर. गावभर बोभाटा झाला होता, वटारला मिक्सर बाराशेला! यमुना त्यांच्यावरच ओरडली, "मी सांगितलं ना, तो चुकीचा बोर्ड होता! आता अठराशे. काय लिवलंय ते वाच ना, केल्विन!"

केल्विनने तिन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. दुसऱ्या ओळीवर तो जरा थांबला, तशी एक बाई म्हणाली, "म्हंजे दोन हजाराचाच ना हा?"

"हो," केल्विन म्हणाला. "तीन हजार नुसते छापलेत."

दोघींनी घेतला. दोघी म्हणाल्या, विचार करतो. त्यांतली एखादी विरारला जाऊन आली की काय, मला माहीत नाही.

हंगाम बेताचाच गेला. गाळा भाड्याने गेला नाही, एवढंच. फलक मात्र पुढच्या नाताळला केल्विननेच रंगवला, तीन ओळींचा, आणि इझाबेलला न विचारता.