पेटीत नसलेली काच

गरज, इच्छा आणि मागणी यांतला फरक मी पुढे कॉलेजात कितीतरी वर्षं शिकवला. पोरं जांभया द्यायची. त्यांना वाटायचं, मास्तर पुस्तकातलं बोलतोय. मला तो फरक कळला होता वसमतच्या बाजारात, एका चष्मेवाल्याच्या पेटीपाशी. पुस्तक पुष्कळ पुढं आलं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते आणि आमची माय नुकतीच गेली होती. थंडीत ताप आला, उतरला नाही, गेली. मला रडू आलं नाही. बायका माझ्या तोंडाकडं बघायच्या आणि आपसात काहीबाही बोलायच्या. त्यांचा राग यायचा, पण तोही धड यायचा नाही. भाकर खाल्ली तरी ठीक, नाही खाल्ली तरी ठीक, असं सगळं चाललेलं.

बा शिंपी होते. गावात एकच मशीन, ते आमचं. बांना लांबचं फार छान दिसायचं. शिवेवरून येणारी बैलगाडी कोणाची, ते ओट्यावर बसून सांगायचे. पण जवळचं दिसत नव्हतं, आणि हे ते कबूल करत नव्हते. सुईत दोरा ओवायचं काम मायचं होतं. ते शिवायला बसले की माय न सांगता चारपाच सुया ओवून मशीनच्या फळीला खोचून ठेवायची. ती गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं. मला जवळचं अगदी स्वच्छ दिसायचं. लांबचं मात्र धुकं. आमच्या दोघांची मिळून एक नजर बराबर होती.

आमचा मुलूख हैदराबाद संस्थानात, म्हणून शाळा उर्दूतून. त्या लिपीत अर्धा जीव नुक्त्यांत, म्हणजे अक्षरांच्या वर-खालच्या टिंबांत, आणि फळ्यावरचे नुक्ते मला दिसतच नव्हते. वर एक की दोन, खाली एक की तीन, मी आपला अंदाजानं ठोकून द्यायचो आणि छड्या खायचो. शेवटी मास्तरांच्या ध्यानात आलं. त्यांनी बांना बोलावून सांगितलं, "पोराला चष्मा घ्या. न्हाई तर हा परीक्षेला बसून काही फायदा न्हाई. मशीनवर बसवा." म्हणजे माझी शाळा त्या चष्म्यावर अडली होती. बा घरी येऊन एवढंच म्हणाले, "औषधाचे पैसे उरलेत." मायच्या औषधासाठी बाजूला ठेवलेले होते ते. उरले, कारण ती थांबली नाही.

बाजाराच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. बांच्या काखेत गाठोडं होतं. त्यात हळदीच्या एका अडत्याचा नवा सदरा, शिवून तयार. तो पोचता करायचा आणि माझा चष्मा घ्यायचा, अशी दोन कामं.

चष्मेवाला म्हातारा मुसलमान होता, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच. मशिदीच्या भिंतीला टेकून बसायचा. समोर लाकडी पेटी, झाकण उघडं. पेटीत तीन खण. एका खणात तारेच्या काड्यांचे साधे चष्मे खच्चून भरलेले, दुसऱ्यात काळ्या-निळ्या काचांचे, उन्हाचे. तिसऱ्यात थोडेच, पण सोनेरी, गोल, मखमलीवर मांडलेले. ते बघितले आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी हवंसं वाटलं. तालुक्याच्या वकिलाला होता तसाच. मला फळा वाचता यावा म्हणून नव्हे हो, तो सोनेरी होता म्हणून.

"चाचा, पोराला लांबचं दिसत न्हाई," बा म्हणाले.

चाचानं साध्या खणातला एक चष्मा माझ्या नाकावर ठेवला आणि समोरच्या लिंबाच्या झाडाकडं बघायला सांगितलं. लिंब होता तेवढाही दिसेना. दुसरा ठेवला, तर त्याहून वाईट. मी म्हणालो, "ह्यानं तर आंधळाच झालो."

"व्हनारच," चाचा म्हणाला. "ही चाळीशी हाय. जवळच्या नजरेची. म्हटलं बघावं, मुलाला नेमकी काय तकलीफ हाय. ह्याला उलटी काच लागती, मधे पातळ न् कडेला जाड. ती माझ्याकडं न्हाई."

बांनी मखमलीकडं बोट केलं. "आन् ह्या?"

तेवढ्यात एका मोठ्या घरचा तरणा पोरगा आला, धोतर कडक परीटघडीचं. त्यानं त्याच खणातला एक चष्मा उचलला, चाचाच्या आरशात डावीउजवीकडून बघितलं आणि भाव न करता पैसे टाकले. जाताना लांबूनच कुणाला तरी ओळखून हात केला. डोळे शाबूत होते त्याचे.

"त्याला काय दिसत न्हाई?" मी विचारलं.

"सगळं दिसतं," चाचा हसला. "ती साधी काच हाय, बिननंबरी. शौकाची. तू घातलीस तरी तुला धुकं ते धुकंच."

बांना राग आला. सहसा यायचा नाही. "ज्याला दिसतं त्याच्यासाठी काच ठेवता. माझ्या लेकराला दिसत न्हाई, त्याची काच काहून न्हाई?"

चाचा चिडला नाही. रोजचं गिऱ्हाईक बघणारा माणूस तो. "उस्ताद, ह्या पोरासारखी पोरं गावोगाव हायेत. गरज तर त्याहीला हायच. पण निम्म्यांच्या घरी ठावंच न्हाई, पोराला चष्मा लागतो म्हणून. म्हणतात, पोरगं ढ हाय. ज्याहीला ठावं हाय त्या आया येतात, काचा हातात घेतात, हवा म्हणतात, न् ठेवून जातात. पैसा न्हाई. हवा म्हटल्यानं माल उठत न्हाई. म्हातारे लोक येतात, पोथी वाचायची असती, हिशेब बघायचा असतो, पैसे आणतात, घेऊन जातात. तो पोरगा आता घेऊन गेला. मी हैदराबादेहून त्यांच्यासाठीच माल आणतो. न खपणारी काच पेटीत ठेवून मी काय खाऊ?"

"माझ्यापाशी पैसे हायेत," बा म्हणाले आणि खिशावर हात ठेवला.

"हायेत. पण तुमी एक. एकासाठी सगळ्या नंबरांच्या काचा आणायच्या, बाकीच्या कोण घेतो? ह्याला हैदराबादेलाच न्या. तिथं डोळे तपासून देतात."

हैदराबाद. रेल्वेचं भाडं, राहणं, डॉक्टर. औषधाचे पैसे उरून उरून किती उरणार? बांनी मान हलवली. मी समजून गेलो, शाळा संपली. काही वाटलं नाही. खरंच नाही वाटलं. मशीनच्या फळीपाशी बसलेला मी मला दिसत होतो, सुया ओवताना.

बा उठता उठता थांबले. माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नसावा. "बघू दे तरी, काचेत काय खोट हाय," म्हणत त्यांनी मी काढून ठेवलेली चाळीशी स्वतःच्या नाकावर ठेवली आणि सहज खाली बघितलं.

अंगातल्या सदऱ्याचं काज त्यांच्या नजरेला पडलं. जुना सदरा, स्वतःच शिवलेला. त्यांनी काजावरून अंगठा फिरवला. बारीक, दाट, एकसारखे टाके. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी गाठोडं सोडून अडत्याचा नवा सदरा काढला. त्याचं काज बघितलं. दोरे सुटलेले, टाके कुठं पसरट, कुठं एकावर एक. दोन्ही काजं जवळजवळ धरून ते किती वेळ बघत राहिले.

"हे मीच केलं," नव्या सदऱ्याला हात लावून ते म्हणाले. मग अंगातल्या सदऱ्याचं काज चिमटीत धरलं. "न् हे?"

मला ठाऊक होतं. बा गावात गेले की माय ओट्यावर बसून त्यांची काजं उसवायची आणि पुन्हा घालायची, हे मी रोज बघत होतो. "मायचं हाय," मी म्हणालो. "सगळी काजं तीच घालायची."

"मला काहून न्हाई सांगितलं तिनं?"

"म्हणायची, सांगितलं तर चाळीशी लागन. न् तुमी म्हणसाल, मला काय धाड भरली."

काम कमी झालंय ते कापडाच्या टंचाईमुळं, असं बा सगळ्यांना सांगत होते. टंचाई होतीच. पण माय गेल्यापासून दोन गिऱ्हाइकं दुसऱ्या गावच्या शिंप्याकडं जाऊ लागली होती, त्याचं कारण त्यांच्या हातात होतं.

त्यांनी चाळीशी काढून पेटीत ठेवली. "नको. हे पैसे पोराच्या डोळ्याचे हायेत."

चाचानं आग्रह केला नाही. गरज होती, खिशात पैसा होता, आणि माणूस घेईना. असं गिऱ्हाईक आग्रहानं येत नाही, हे त्याला ठाऊक असणार.

मलाच चीड आली. आली एकदाची. "कोणत्या डोळ्याचे?" मी म्हणालो. "माझी काच पेटीत हाय कुठं? हे पैसे घरी नेऊन काय करता? तुमी चाळीशी न्हाई घेतली तर मला शाळेतून काढून सुया ओवायला बसवाल. ओवीन मी. पण काजं मला येत न्हाईत, बा. माय न्हाई आता. चाळीशी घ्या. मी फळ्याच्या पायाशी बसून शिकतो."

बापाला असं बोलायची आमच्याकडं रीत नव्हती. बा खाली बसले आणि म्हणाले, "चाचा, ती द्या. मला पाहिजे." पैसे त्यांनी न मोजता चाचाच्या हातावर ठेवले. चाचानं मोजून उरलेले परत केले.

सदरा लगेच पोचवला नाही. मशिदीच्या भिंतीलाच टेकून बसले आणि चाळीशी लावून सगळी काजं उसवली. बाजार चालूच होता. कोणी मिरच्यांचा भाव करत होतं, कोणी नुसतंच हाताळून पुढं जात होतं. मी त्यांच्याकडं बघत बसलो. कोणाला काय हवंय आणि कोण काय घेऊन जाणार, हे आता मला धुक्यातही दिसत होतं.

माझी शाळा सुटली नाही. मास्तरांनी मला फळ्याखाली जमिनीवर बसू दिलं. मान मागं टाकली की नुक्ते दिसायचे. लांबची काच मी पुढं स्वतःच्या पगारातून घेतली, हैदराबादेत.

पण ते नंतरचं. त्या दिवशी काजं उसवून झाली, बांनी टोपीतली सुई काढली, दोरा दातानं तोडला, आणि मी सवयीनं हात पुढं केला. त्यांनी सुई दिली नाही. डोळ्यासमोर धरली आणि दोरा स्वतःच ओवला, पहिल्याच झटक्यात. "राहू दे," म्हणाले. माझा हात तसाच पुढं राहिला, रिकामा. तेव्हा मला कळलं, माय गेली. मी तिथंच, भर बाजारात, मोठ्यानं रडलो.