फोन करायचा नाही

माझ्या पीएचडीची तोंडी परीक्षा पहिल्यांदा बुडाली ती मामांच्या शुभेच्छांमुळे.

परीक्षा ऑनलाइन होती. मार्गदर्शक सर जळगावात, बाहेरचे परीक्षक परराज्यात आणि मी धुळ्यातल्या वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. माझा कॉम्प्युटर जुना, त्याला ना कॅमेरा, ना माइक. सगळं सादरीकरण मात्र त्याच्यातच होतं. म्हणून फोनमध्ये एक ॲप टाकलं, त्याचाच जोडीदार कॉम्प्युटरवर टाकला आणि फोनलाच कॅमेरा नि माइक केलं. इंटरनेटही त्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून. एका बैलाला नांगर, वखर आणि गाडी असं तिन्ही जुंपलं होतं, पण सरावाच्या वेळी सगळं सुरळीत चाललं.

आमच्या भाऊबंदकीत कोणाचंही मोठं काम असलं की आधी फोन करून चांगलं बोलायची रीत आहे. नाही केला तर माणसाला वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. मायने उत्साहाने गावभर सांगून ठेवलं होतं, पोरीचा पेपर अकरा वाजता आहे. लोकांनी अकरा ही वेळ फोनची समजली. मी पहिली स्लाइड लावली आणि मामांचा फोन आला. कॉलने पडदा व्यापला. कट करायला गेले तर घाईत बोट हिरव्यावर गेलं.

"भाची, बेस्ट ऑफ लक शे तुले," मामा म्हणाले.

माइक आता मामांच्या ताब्यात होता. मीटिंगमध्ये माझं चित्र गोठलेलं, आवाज शून्य. मामांना ठेवा म्हणेपर्यंत मीटिंगच तुटली. पुन्हा आत शिरले तर आत्या. मग चुलत भाऊ. परीक्षकांनी बराच वेळ वाट पाहिली आणि दुसऱ्या कामाला निघून गेले. सरांनी संध्याकाळी सांगितलं, "पुढच्या गुरुवारी एकदाच वेळ देतील. त्यानंतर ते परदेशी जाताहेत. बघा बाई, काय ते."

कॉलेजात माझी नोकरी तासिकेवरची. कायम जागेची मुलाखत पुढच्या महिन्यात होती आणि तिला पदवी लागणार होती. अशी जागा पुन्हा कधी निघेल, देव जाणे. आमच्या घरात इथवर शिकलेली मी पहिली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसऱ्याच्या रानात राबून मला शिकवलं. त्या रात्री मी भिंतीकडे तोंड करून रडले आणि रडून झाल्यावर सगळ्यांना फोन लावले. माझी जीभ तशीही तिखट. मायला म्हणाले, "गुरुवारी कोणीही फोन करायचा नाही. कोणी दारही वाजवायचं नाही. घराला आग लागली तरी मला नंतर सांगा."

माय म्हणाली, "नही करत वं. कोनीच करनार नही."

या वेळी मी वायरलेसच्या नादी लागले नाही. खालच्या मजल्यावर घरमालकांचा राउटर होता, त्याची वायर खिडकीतून वर घेतली आणि कॉम्प्युटरला लावली. इंटरनेटचा प्रश्न सुटला. फोन केबलने जोडायचा ठरवला, तर कॉम्प्युटर त्याला ओळखेचना. फोन नुसता चार्ज होत होता. दोन दिवस मी सेटिंगांना शिव्या दिल्या. शेवटी कळलं की ती केबलच फक्त चार्जिंगची, तिच्यातून दुसरं काही जातच नाही. डेटाची केबल आणली, फोनमध्ये यूएसबी डीबगिंग नावाची सेटिंग चालू केली आणि पडद्यावर माझा सुजलेला चेहरा आला. आता हॉटस्पॉटची गरज नव्हती, त्यामुळे फोन विमान मोडमध्ये टाकता येत होता. टाकून पाहिला. चित्र आणि आवाज तसाच चालू राहिला.

गुरुवारी पुस्तकांच्या चळतीवर पिठाचा डबा ठेवला, त्याला फोन टेकवला, मीटिंगमध्ये कॅमेरा आणि माइक दोन्ही फोनचेच निवडले आणि दाराला कडी लावली.

सादरीकरण निम्म्यावर आलं आणि पडद्यावरचं माझं चित्र काळं झालं. केबलचं टोक फोनच्या खाचेत ढिलं होतं. टोक दाबलं, चित्र आलं. सोडलं, गेलं. पुन्हा दाबलं, ॲप पुन्हा जोडलं. सर म्हणत होते, "आवाज येत नाहीये." परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलेलं मला स्पष्ट दिसलं. मी ओरडून म्हणाले, "आला का आता?" सर म्हणाले, आला.

मग मी ते टोक सोडलंच नाही. डावा हात लांब करून अंगठ्याने दाबून धरलं आणि उजव्या हाताने स्लाइड पुढे सरकवत राहिले. प्रश्न सुरू झाले. मनगटाला मुंग्या आल्या, मग ते आपलं आहे की नाही तेही कळेना. मी उत्तर देत होते आणि मनात एकच चाललं होतं, अंगठा हलू देऊ नकोस. मध्येच बाहेर जिन्यात कोणीतरी खोकलं. मला इतका संताप आला की उठून दार उघडावं आणि त्याला खाली ढकलावं. पण उठले असते तर केबल निसटली असती.

परीक्षकांनी शेवटी चष्मा काढला आणि पदवीची शिफारस करतो म्हणाले. सरांनी अभिनंदन केलं. मी धन्यवाद म्हटलं, मीटिंग बंद केली आणि मगच अंगठा उचलला. त्याच्यावर खोल वळ उमटला होता.

फोन विमान मोडमधून काढला. कोणाचा फोन येऊन गेल्याचा एकही मेसेज आला नाही. चला, एकदाचं लोकांनी ऐकलं, मला फार बरं वाटलं.

दार उघडलं तर वरच्या पायरीवर आबा बसलेले. पांढरी टोपी हातात, तोंडावर उपरणं दाबलेलं.

"झायं का तुनं?" त्यांनी हळूच विचारलं.

"झालं. पास झाले. आबा, तुम्ही कधी आलात?"

"व्हयना बराच येळ." ते उठले नाहीत. "तुनी मायले धुळ्याना दवाखानामा आनेल शे. सकायपासून छातीमा दुखे. मावशी शे तिनापाशी."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "आणि तुम्ही इथे बसून राहिलात? दार का नाही वाजवलं?"

"तिनीच सांगं, दार वाजाडानं नही. फोन बी करानं नही." त्यांनी उपरणं खाली घेतलं. "खोकला ऊना व्हता एकदाव. तुले ऐकू गया का?"

मी आबांना उठवलं आणि जिना उतरले. चपला कुठल्या घातल्या तेही आठवत नाही.

दवाखान्यात मायच्या हाताला सलाइन लावलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस काही सांगता येणार नाही. तिचा चेहरा पिवळा पडला होता. मी तिचा हात धरला. डाव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नव्हती. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"बठ्ठासले आवाज गया ना?" तिने विचारलं.

मी म्हणाले, हो, सगळ्यांना गेला.