टिटवी छाप

आप्पांचा राग मला अजून येतो. माणूस वाईट असता तर एव्हाना विसरले असते. चांगल्या बापावरचा राग काढायचा कुठं?

ओतूरच्या एसटी स्टँडमागं आमची पत्र्याची शेड आहे. आम्ही सायकल कोळपी बनवतो. पुढं एक चाक, मागं धरायच्या दांड्या, मध्ये लोखंडी पात. सोयाबीनच्या दोन ओळींमधून ढकलत नेलं की तण कापून निघतं. बैल नको, मजूर नको. आप्पांनी धंदा सुरू केला तेव्हापासून प्रत्येक पातीवर ते पोलादी शिक्का ठेवून हातोड्याचा एक घाव घालायचे. शिक्क्यात टिटवी, चोच उघडलेली. गिऱ्हाईक दुकानात येऊन कोळपं मागायचं नाही, "एक टिटवी द्या" म्हणायचं. आदिवासी पट्ट्यातल्या वाड्यांपर्यंत आमची टिटवी गेली होती.

आता आमची मूळची रीत सांगते, कारण सगळं तिथंच फसलं. आमचा आजा मेंढरं राखायचा. वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, राबलेला गडी स्वतःचा वाडा करायला निघाला की त्याला दोनचार मेंढ्या द्यायच्या. मेंढ्यांच्या कानाला मालकाची खूण असायची, ती तशीच राहायची. गड्याचं मेंढरू बाजारात गेलं की लोक म्हणायचे, अमक्याच्या वाड्यावरचं आहे, घ्या. त्यात मालकाचाही मान आणि गड्याचीही सोय. आणि दिलेल्या मेंढ्या पुन्हा बघायला जायचं नाही. गेलं तर त्याचा अर्थ, तुझ्यावर भरवसा नाही.

आजा गेला, मेंढरं विकली, आप्पा वेल्डिंग शिकले. पण रीत तशीच राहिली. शेडमध्ये शिकलेला कारागीर स्वतःचं दुकान काढायला निघाला की खंडेनवमीला अवजारांची पूजा झाल्यावर आप्पा त्याच्या हातात टिटवीचा एक शिक्का ठेवायचे. "आपल्या हातचा हायेस, आपलीच टिटवी लाव." कागद नाही, अट नाही. असे चौघं गेले.

भ्रमाचा भोपळा फुटला तो बाजाराच्या दिवशी. एक शेतकरी मोडलेलं कोळपं घेऊन शेडच्या दारात आला आणि ते माझ्या पायाशी टाकलं. "काय वो ताई, लाज न्हाई वाटत? दुसऱ्या दिवशी पात तुटली! टिटवी म्हणून डोळं झाकून घेतली." मी पात उचलून पाहिली. पत्रा पातळ, वेल्डिंग म्हणजे नुसते टिकले लावलेले. शिक्का मात्र आमचाच. माल आंबेगाव तालुक्यातला होता, त्या चौघांतल्या एकाचा. त्याला आम्ही घरात मंचरवाला म्हणायचो. त्यानं मंचरजवळ मोठी शेड टाकली होती आणि आमच्याच बाजारात, आमच्यापेक्षा स्वस्तात टिटवी विकत होता. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, आणि सोनूबाई आमची!

माझं डोकं फिरलं. मी थेट पुण्याला वकीलबाईंकडे गेले. ट्रेडमार्कचीच कामं करणाऱ्या बाई. दोन्ही कोळपी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चोरी आहे. बंद करा."

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "टिटवीची नोंदणी आहे का?"

नव्हती. शेतकरी ओळखत होता, मग सरकारला कशाला सांगायचं, असं आमचं शहाणपण.

"मग उल्लंघनाचा दावा करता येणार नाही," बाई म्हणाल्या. "तो हक्क नोंदणीनं मिळतो. सर्टिफिकेट असतं तर ते दाखवायचं, समोरच्याचं चिन्ह तेच आहे, माल तोच आहे, एवढं दाखवायचं. तुमचं नाव बाजारात किती मोठं आहे ते सिद्ध करत बसावं लागत नाही. तुमच्या हातात उरतो तो 'पासिंग ऑफ'चा दावा. म्हणजे तो स्वतःचा माल तुमचा म्हणून खपवतो आहे अशी तक्रार. तिथं सगळं तुम्हालाच सिद्ध करायचं. टिटवी म्हटलं की लोकांना तुमचंच घर आठवतं, हे एक. त्यानं लोकांची दिशाभूल केली, हे दुसरं. आणि त्यात तुमचं नुकसान झालं किंवा होणार आहे, हे तिसरं."

मला वाटलं, एवढंच ना? जुनी बिलं काढली, दुकानदारांची पत्रं घेतली, तो मोडक्या पातीचा शेतकरीसुद्धा प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाला. बाई खूश होत्या. मग त्यांनी सहज विचारलं, "त्याच्याकडे शिक्का आला कुठून?"

मी सांगितलं. बाईंनी चष्मा काढला.

"परवानगीनं वापरला तर तो परवाना झाला," त्या म्हणाल्या. "परवाना काढून घेता येतो आणि परवानेदार मालक होत नाही. पण मालकानं मालाच्या दर्जावर लक्ष ठेवलं असलं पाहिजे. तुमच्या वडिलांनी कधी त्यांचा माल तपासला? नापास करून परत पाठवला? एकदा तरी? आणि बाकीच्या तिघांशी तरी आजच लेखी करार करून टाका. पत्रा किती जाड, वेल्डिंग कसं, तपासणी कधी, सगळं लिहून."

घरी येऊन मी आप्पांना तेच विचारलं. ते ओट्यावर पाय सोडून बसले होते.

"तपासायला?" आप्पा म्हणाले. "मी त्याच्या दारात जाऊन त्याचा माल तपासायचा? दिलेलं मेंढरू मोजाया जातं का कुणी?"

"आप्पा, एकदा तरी गेला असाल. मंचरच्या बाजाराला जाता जाता?"

"त्याच्या शेडवरनं जायाचो. च्या प्यायचो. मालाकडं बघायचं न्हाई, म्हणून त्वांड फिरवून बसायचो."

मी कपाळावर हात मारून घेतला. तोंड फिरवून! आणि करारांचं नाव काढल्याबरोबर ते उठूनच गेले. "माझ्या पोरांकडनं कागद लिहून घेऊ? मेलो तरी न्हाई."

दावा लागला. खोटं प्रतिज्ञापत्र आप्पांनी केलं नसतं आणि बाईंनी करू दिलं नसतं. आप्पांनी जे घडलं तेच लिहून दिलं. मंचरवाल्याच्या वकिलानं तेच उचललं. म्हणे, टिटवी एका घराची नाहीच. पाच शेडमधून निघते, उघडपणे, वर्षानुवर्षं, आणि ह्यांच्याच मर्जीनं. कुणी कधी दर्जा पाहिला नाही. मग टिटवी बघून गिऱ्हाईक नेमकं कुणाला ओळखतं? मंचरवाला कोर्टाच्या व्हरांड्यात मला म्हणाला, "ताई, आप्पांनी दिलेलं हाय. तुमी कोण काढून घेणार?" चोराच्या उलट्या बोंबा! पण बोंब कायद्यात बसत होती. कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम नाकारला. टिटवी फक्त आमच्याच मालाची ओळख आहे, असं सकृतदर्शनी दिसत नाही, असं निकालात होतं. आम्ही टिटवीच्या नोंदणीचा अर्ज केला होता, त्यालाही त्यानं हरकत घेतली.

लढा अजून लांबवता आला असता. पण तोवर ओतूरच्या बाजारात टिटवी म्हणजे तुटणारं कोळपं झालं होतं. मेलेल्या म्हशीच्या दुधावरून भांडायचं किती? मी दावा आणि अर्ज दोन्ही सोडले. त्या संध्याकाळी मी आप्पांना वाट्टेल ते बोलले. "तुमच्या मोठेपणापायी घर बुडालं," इथपर्यंत. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं, पण नाही ओरडले.

मग मी नव्यानं सुरुवात केली, आणि ह्या खेपेला सगळं शास्त्रशुद्ध. कारखाना माझ्या नावावर केला. नवं नाव 'मजबूत' ठेवते म्हटलं तर बाई म्हणाल्या, मालाचा गुण सांगणारा शब्द नोंदणीत टिकत नाही, कुणालाही वापरता आला पाहिजे असा शब्द आहे तो. मग येडगावच्या धरणाकाठी दिसतो तो खंड्या पक्षी घेतला. आधी कुणी घेतलाय का ते शोधलं. हाती चालवायच्या अवजारांच्या वर्गात अर्ज केला. ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये जाहिरात आली, हरकतीची चार महिन्यांची मुदत कुणी काही न म्हणता सरली, आणि सर्टिफिकेट आलं. मालक मी. मी ते फ्रेम करून शेडमध्ये लावलं. लोक यायचे, पात चाचपायचे, विचारायचे, "ह्यो खंड्या कोण? टिटवी बंद केली का?" लई जीव जळायचा. पण हळूहळू माल जाऊ लागला.

आणि एक दिवस आळेफाट्याच्या दुकानात मला खंड्या छाप कोळपं दिसलं, जे मी बनवलंच नव्हतं.

ह्या वेळी मी रडले नाही, ओरडले नाही. बाईंना फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, "आता सोपं आहे. नोंदलेलं चिन्ह, तोच माल, मालकाची लेखी परवानगी नाही. सरळ उल्लंघन." नोटीस गेली. वापर थांबवा, शिक्का जमा करा, नाहीतर दावा. नाव किती मोठं, नुकसान किती, काही दाखवावं लागलं नाही.

नोटीस मिळाल्यावर तो माणूस स्वतः आला. चौघांतलाच एक, येडगावचा. ज्यानं टिटवीला कधी बट्टा लावला नाही, दाव्यात आमच्या बाजूनं प्रतिज्ञापत्र दिलं, आप्पा आजारी असताना त्यांना मोटारसायकलवर दवाखान्यात नेलं, तो. टिटवी बदनाम झाली तसा त्याचाही माल पडून राहिला होता. त्यानं खिशातून रुमाल काढला, रुमालातून खंड्याचा शिक्का काढला आणि आप्पांसमोर ओट्यावर ठेवला.

मी आप्पांकडे बघितलं. "तुम्ही दिला?"

"खंडेनवमीला," आप्पा म्हणाले. "रीतीपरमाणं."

मी त्याला समजावलं, अगदी मनापासून. "दादा, नोटीस मागं घेते. करार करू. तुम्ही खंड्या लावा, हक्कानं लावा. फक्त लिहून घेऊ, आणि तीन महिन्यांतून एकदा मी येऊन माल बघणार. एवढं एक कलम लागतंच, त्याशिवाय चिन्ह टिकत नाही."

"ताई, माझा माल बघायला तुमी येणार?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. "आप्पांनी कधी बघितला न्हाई."

"म्हणूनच तर बुडालो!"

त्यानं आप्पांच्या पायाला हात लावला आणि निघाला. मी फाटकापर्यंत मागं गेले, "अवो थांबा तरी" म्हणत. त्यानं गाडीला किक मारली. आता तो बिनछापाची कोळपी विकतो, मिळेल त्या भावात.

बाईंचा फोन आला. एका नोटिशीत काम झालं, अभिनंदन म्हणाल्या. मी आभार मानले. सगळं नियमानं केलं, चूक कुठं केली ते आजही कुणी दाखवून द्यावं. खंड्या माझा आहे, पक्का आहे, कुणी हात लावू शकत नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी शेड झाडून घेतली, अवजारं मांडली, हळद-कुंकू काढलं आणि आप्पांना हाक मारली. ते घरातूनच म्हणाले, "तुझा शिक्का हाय. तूच पूज." ते आले नाहीत.