तिघी उरल्या तेव्हा

जनीच्या हातची तांदळाची भाकरी खाऊन पेण तालुक्यातल्या किती गड्यांनी मैदान मारलं असेल, याला हिशोब नाही. खाडीकाठच्या तिच्या गावात दर साली कबड्डीच्या स्पर्धा भरायच्या. आलेल्या संघांना गावाने जेवू घालायचं हा शिरस्ता, आणि गावाने जेवू घालायचं म्हणजे बायांनी शाळेच्या मागं चुली मांडायच्या. मैदानावर गलका उठला की जनी तव्यावरची भाकरी उलटत विचारायची, "काय झाला गो?" कुणी सांगायचं, "आपला रघू बाद." बस. तेवढीच तिची कबड्डी. नवरी होऊन आली तेव्हापासून केस पांढरे होईतोवर तिने एक सामना डोळ्याने बघितला नव्हता. मिठागरात फावडं ओढावं, घरी येऊन चूल पेटवावी, नवऱ्यामागं पोर वाढवावं. खेळ बघायला वेळ होता कुणाला?

आणि आता सूनच खेळाडू निघाली.

नम्रता रोह्याजवळच्या वरशाची. लग्नाआधी तिकडच्या संघात कोपऱ्यावर उभी राहून पकडी करायची. साईराज झाला तेव्हा खेळ सुटला. पोर दीड वर्षाचं झालं, दूध तुटलं, तसे इकडच्या मंडळाचे लोक दारात येऊन उभे. "वहिनी, यंदा उतरा. जिल्ह्याची निवड हाय." निवड झाली तर सरावाचं शिबिर, म्हणजे पंधरवडाभर घराबाहेर. पोर कुणाकडे? मुलगा निकेश कंपनीत, त्याची शिफ्ट कधी दिवसाची कधी रातीची. तो म्हणाला, "आय बोलेल तसा." आणि आय बोलली, "पोर टाकून कसली गो कबड्डी? नाय."

नम्रता भांडली नाही. भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "आई, एक डाव येऊन बघा. मग नाय बोला. मी पुन्यांदा तोंड उघडणार नाय."

त्याला नाही म्हणायला जनीला कारण सापडलं नाही. म्हणून साईराजला कडेवर घेऊन ती पेणच्या संघाच्या टेम्पोत बसली आणि नागोठण्यावरून वरशाला आली. मनात मात्र ठरलेलं होतं: बघायचं, आणि नाय म्हणायचं.

निवडीचा सामना वरशाच्या मैदानात, आणि समोरचा संघही वरशाचाच. म्हणजे नम्रताची आई सरू पेचात. गाव एकीकडे, लेक दुसरीकडे. तिने विहिणीसाठी पुढची जागा धरून ठेवली होती.

"या विहीणबाई. वाट चुकलात की काय?"

"वाट नाय चुकली. तुमच्या लेकीचे पराक्रम बघाया आली."

"लेक आमची, पराक्रम तुमच्या गावाच्या नावावर," सरू म्हणाली, आणि साईराजच्या हातात वालाच्या शेंगा दिल्या.

मॅट अंथरलेली. मध्ये एक रेघ, दोन्ही अंगांना आणखी दोन दोन. सात पोरी इकडे, सात तिकडे. शिट्टी वाजली आणि वरशाची एक उंच पोरगी तोंडाने कबड्डी कबड्डी म्हणत पेणच्या अंगणात शिरली.

"ही किमया," सरू म्हणाली. "आपल्या नमीच्या शाळेतली. ही चढाई."

"चढाई म्हंजे?"

"म्हंजे शेजारणीच्या अंगणात एकटीने घुसायचा. तोंडचा कबड्डी थांबता कामा नये. तिथं सात जणी. जिला जिला हात-पाय लावून ती मधल्या रेघेवर परत येल, ती ती बाद, नि तितके गुण आपले. धरली, परत येऊ दिली नाय, तर हीच बाद नि गुण त्यांना."

"आणि नुसती फिरून आली तर?"

"ती पहिली रेघ दिसते ना? तेवढी तरी ओलांडाया लागते. नायतर बाद. ओलांडून रिकामी आली तर चालतं. पण दोनदा रिकामी गेली की तिसऱ्या वेळेला काय तरी आणायाच लागतं."

जनीने मान हलवली. शेजारणीच्या अंगणात शिरून काय तरी घेऊन परत यायचं, हे तिला पटकन समजलं. गावात अशा दोघी-तिघी होत्या.

किमयाने कुणालाच हात लावला नाही. आत शिरली, नम्रताच्या बाजूने मागच्या रेघेपलीकडे एक पाय टाकला, दुसरा पाय उचललेलाच, आणि हरणासारखी उडून परत. पंचाने हात वर केला. वरशाच्या नावावर एक गुण.

"हे रे!" जनी उसळली. "कुणाला शिवली नाय, तर गुण कसला? पंच तुमच्या गावचा हाय काय?"

आजूबाजूचे हसले. सरूही हसली. "पंच अलिबागचा हाय. हा बोनस. ती मागची रेघ बोनसची. तिच्या पलीकडं एक पाय टेकायचा, दुसरा तेव्हा हवेत पायजे. एवढ्या आत जाऊन आली म्हणून एक गुण. पण आत सहा नायतर सात जणी असतील तरच. पाच असल्या, चार असल्या, तर कितीबी पाय टाका, काय नाय."

"का?"

"घर भरलेला असताना मागच्या खोलीपर्यंत जाऊन येणं ही धाडसाची गोष्ट. रिकाम्या घरात कुणीबी जाईल."

"मग तुमची लेक काय झोपली व्हती? तिच्याच अंगाने गेली ती."

"आता ती तुमची सून हाय," सरू म्हणाली. "झोपली असेल तर तुमच्याकडं काम जास्ती असेल."

जनीने साईराजच्या तोंडातली शेंगेची साल काढली.

पहिल्या डावात किमयाने तसाच पाय टाकून आणखी गुण नेले. जनीच्या लक्षात आलं की पोरगी दर वेळी उजवाच पाय टाकते, आणि टाकण्याआधी डावा खांदा किंचित पाडते. मिठागरात आयुष्य गेलेल्या बाईला पाण्याची पातळी बोटभर हलली तरी कळते. खांदा कळायला काय लागतं? तिने सरूला सांगितलं. सरू म्हणाली, "नमीला ते शाळेपास्नं म्हाईत हाय. पण धरायला संधी लागते."

दुसऱ्या डावात पेणच्या पोरी एकेक करून बाहेर जाऊन बसू लागल्या. कुणी धरली गेली, कुणाला किमया शिवून गेली. सामना संपत आला तेव्हा आत तिघीच: नम्रता, सुरभी आणि प्रतिक्षा. फलकावर वरसं एका गुणाने पुढे. एवढ्या मोठ्या अंगणात तीन पोरी पाहून जनी जागेवरून पुढे सरकली. सकाळी ठरवून आलेली बाई आता मनात म्हणत होती, अशी हरलेली घरी येऊ नको गो.

"संपला," ती म्हणाली. "चार बाया बसल्यात बाहेर. तिघी काय करणार?"

"तिघीच पायजेत," सरू हळू म्हणाली. ती वरशाची, तिने हे मोठ्याने बोलायचं नव्हतं. "तीन नायतर तिनापेक्षा कमी जणींनी चढाईवालीला धरली, तर एका गुणाच्या जागी दोन. त्याला अव्वल पकड बोलतात. पोरं सुपर टॅकल बोलतात. सात जणींनी एकीला धरली त्यात काय मोठेपणा?"

जनीला एकदम बांधाची खांड आठवली. भरतीच्या पाण्याने बांध फुटला होता, गडी बाजाराला गेलेले, आणि ती, तिची सासू आणि शेजारची एक बाई, तिघी कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून चिखलाने आणि पेंढ्याने ती खांड बुजवत होत्या. गाव अजून ते नाव काढतं. गडी असते आणि पन्नास जणांनी बुजवली असती, तर कुणी बोललं असतं काय? हा नियम ज्याने केला त्याला माणसाची किंमत कळत होती.

"दोन," ती म्हणाली. "बरोबर हाय. दोनच पायजेत."

किमया आली. वरशाच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, ही तिसरी. काहीतरी नेणं भाग, नाहीतर तीच बाद. ती डावीकडे गेली, परत आली, उजवीकडे झुकली. वरशाची सगळी पोरं ओरडत होती. आणि किमयाचा डावा खांदा पडला.

"पाय टाकते बघ!" जनी उभी राहिली. "टाक, टाक गो! तिघी हायत आत, बोनस नाय तुला!"

किमयाला बोनस नको होता. त्याच पायाने तिला नम्रताला शिवायचं होतं. पण वर्षांची सवय, पाय नेहमीसारखा लांब गेला, जरा जास्तच. नम्रता खाली बसली आणि दोन्ही हातांनी तिने घोटा धरला. किमयाने हिसका दिला. नम्रता मॅटवर फरपटली, हनुवटी घासली, पण बोटं सुटली नाहीत. किमया एका हाताने मधल्या रेघेकडे झेप घेत होती, वीतभर राहिलं होतं, तेवढ्यात सुरभी कमरेला आणि प्रतिक्षा मांडीला भिडली. शिट्टी.

पंचाने दोन बोटं दाखवली. फलक उलटला. पेण एका गुणाने पुढे.

"दोन गुण, म्हंजे दोघी आत येणार," सरू म्हणाली.

बाहेर बसलेल्यांतली एकच पोर आत धावली. जनीने बोट दाखवलं. "एकच गेली की ओ."

मागं बसलेला एक म्हातारा खेळाडू पुढे वाकला. "आजी बरोबर बोलतात. पकडीच्या गुणाला एक जिवंत व्हते. वरचा गुण नुसता फलकावर. बोनसचाबी तसाच."

"मी आज पयल्यांदा आली बघाया," जनीने त्याला ऐकवलं, आणि सरूकडे पाहून म्हणाली, "शिकवणी बरी व्हती, थोडी कच्ची."

"दक्षिणा ठेवा पुढं," सरूने डोळे पुसत उत्तर दिलं. तिचं गाव हरत होतं आणि ती हसत होती.

शेवटची चढाई पेणची. प्रतिक्षा आत गेली, पहिली रेघ ओलांडली, कुणाच्या हाताला न लागता परत आली. वेळ संपली.

मैदानात धूळ आणि पोरींचा ढीग. निवड समितीतल्या एका बाईंनी नम्रताला बाजूला बोलावलं. जनी साईराजला घेऊन तिथवर गेली. नम्रताच्या हनुवटीवर रक्त होतं. साईराज ते बघून रडायच्या बेतात, म्हणून जनीने पदराने सुनेची हनुवटी पुसली.

"कोपऱ्यासाठी तुझं नाव घेतोय," बाई म्हणाल्या. "पण लहान मूल आहे म्हणे. शिबिराला जमेल का? आत्ताच सांग, नाहीतर दुसरीचं नाव घालावं लागेल."

नम्रताने सासूकडे पाहिलं. तोंड उघडलं नाही. तिने शब्द दिला होता.

जनीने पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"दुसरीचा नाव कशाला?" ती म्हणाली. "तिघींत धरली हिनं. दोन गुणांची पकड हाय ती. पोर माझ्याकडं राहील."

"नक्की ना आजी? मागाहून घरचे नको म्हणतात."

"घरची मीच," जनी म्हणाली. "लिवा नाव. आणि शिबिरात त्यांना पोटभर जेवाया घाला, खेळणाऱ्यांची भूक मला म्हाईत हाय."

नम्रता खाली वाकली, पाया पडायला. जनीने तिला दंडाला धरून वर उचललं. "पुरं आता. घोटं धराया वाकायचा, ते मॅटवर. चल, तुझ्या आईच्या घरी चहा घेऊ. तिचं गाव हरलाय, तिला जरा डिवचू दे मला."