झालं हसून? आता आयका

फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. हेमलताच्या लेकीचा, गौरीचा. "मावशी, आई नाय गो ऱ्हायली..." एवढंच म्हणाली आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. हार्ट अटॅक. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. गौरीशी काय बोलले ते मला आठवत नाही. आठवते ती निवडलेली कोथिंबीर, ती संध्याकाळपर्यंत तशीच ताटात सुकत पडली होती. आता काही आठवडे झाले, तरी दुपारी ऊन कलायला लागलं की वाटतं, ही आत्ता जिन्यातून हाक मारेल.

जिना म्हणजे आमच्या ऑफिसचा. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास पनवेल गावात, तिसऱ्या मजल्यावर, निर्यातीच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका कंपनीत आम्ही शेजारी-शेजारी बसायचो. मी नगरची, लग्न होऊन नवीन पनवेलला आलेली. ती जासईच्या पुढच्या एका कोळीवाड्यातली. तिच्या बापाची होडी होती, भावांनी ती विकून कंटेनर यार्डात नोकऱ्या धरल्या होत्या. यार्डातले ड्रायव्हर, सुपरवायझर सगळे हिच्या ओळखीचे. कंटेनरला ती डबा म्हणायची. फोन उचलून विचारायची, "आमचा डबा कंय हाय रं? अजून नाय आयला?" आणि आमच्या त्या पार्टिशनच्या ऑफिसात एकेक डोकं वर यायचं.

ऑफिसची भाषा इंग्रजी, चहाच्या वेळी हिंदी. मराठी आम्ही बरेच होतो, पण मराठीतही पायऱ्या असतात हे मला तिथे कळलं. आमच्या साहेबांना तिची बोली समजतच नव्हती, त्यामुळे ते हसायचेही नाहीत. हसायचा तो विवेक, खारघरचा, चांगला मराठी शाळेत शिकलेला. कमरेवर हात ठेवून "नाय गो बाय!" असं सिनेमातल्या कोळणीसारखं म्हणायचा आणि हिंदीवाल्यांना त्याचा अर्थ सांगायचा. तिने जेवणाचा डबा उघडला की "आज मच्छीमार्केट लागलं वाटतं." कुणी रागाने बघितलं तर, "अरे, प्रेमाने म्हणतो! हेमा को बुरा नहीं लगता." आणि हेमा हसायची. ते हसणं मला अजून टोचतं. न हसली असती तर 'हिला गंमत कळत नाही' हा आणखी एक शिक्का बसला असता, म्हणून ती सगळ्यांच्या आधी हसायची.

माझा स्वभाव तडतडा. मी विवेकला दोनदा चांगलं झापलं. तर हीच मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू नको भांडू गो शैला. तू भांडलीस की मना आजून लाज वाटते. सगली माज्याकडंच बगतात."

मग ती हळूहळू गप्प होत गेली. आईचा फोन आला की मोबाइल घेऊन जिन्यात जायची. ज्या कामाला एक फोन पुरला असता, त्याला तीन ईमेल लिहायची. सोमवारच्या मीटिंगआधी जिन्याच्या मधल्या वळणावर, खिडकीपाशी उभी राहून इंग्रजी वाक्यं पुटपुटायची. त्या खिडकीतून कर्णाळ्याचा सुळका दिसायचा, धुरकट दिवस असला की नुसताच अंदाजाने. खाडीवरून खारट वारा यायचा आणि ती डोळे मिटून ओठ हलवत असायची, कुणी मंत्र म्हणावा तशी. मीटिंगमध्ये मात्र तिची पाळी येईपर्यंत ते वाक्य जिभेवरच विरून जायचं. मग तिने तयार केलेली माहिती विवेक वाचून दाखवायचा. वर्षअखेरीला साहेबांनी तिला सांगितलं, काम उत्तम, पण कम्युनिकेशन कमी पडतं. ग्राहकांशी बोलायचं काम, ज्याच्यापुढे बढती होती, ते विवेककडे गेलं.

एकदा मात्र ती मीटिंगमध्ये बोलली होती. तिच्या गावची जत्रा होती, पालखी निघाली की यार्डाकडचा रस्ता दिवसभर बंद. ती म्हणाली, "उद्या रस्ता बंद हाय, गाड्या आजच सोडा." त्या 'हाय'वर विवेकने हात हलवून 'हाय-हॅलो' केलं, हशा पिकला आणि विषय पुढे सरकला. दुसऱ्या दिवशी गाड्या अडकल्या, माल बोटीवर चढला नाही. साहेब तिला इंग्रजीत म्हणाले, "जत्रा तुझ्याच गावची, तुला माहीत होतं, तर सांगितलं का नाहीस?" मी तोंड उघडायच्या आत ती "सॉरी सर" म्हणाली.

त्याच उन्हाळ्यात तिच्या आत्याने तिला बोलावलं. आत्या धवलारीण. त्यांच्याकडे लग्नात विधी चालू असताना धवले गाणारी बाई लागते, एकीने गायचं आणि मागच्यांनी ओळ उचलायची. आत्याचा गळा थकला होता, हेमाला लहानपणापासून सगळं पाठ. हळदीच्या मांडवात ती गायला बसली आणि शब्द बाहेर आले ते घासूनपुसून, आमच्या ऑफिसच्या मराठीत. मागच्या बायकांनी ओळ उचललीच नाही. तोंडाला पदर लावून एक म्हणाली, "हापिसची बाय आयली!"

सोमवारी ती जिन्यात बसून रडली. "इकडं मी गावठी, तिकडं मी सायबीण. मग मी बोलू कंय गो?"

मी म्हटलं, "इथे बोल. माझ्याशी." आणि मग आमच्या जेवणाच्या सुट्ट्या त्या वळणावर जायला लागल्या. ती आत्याकडून ऐकून आलेले धवले घोळवायची, मागची ओळ उचलायला मी. त्या रिकाम्या जिन्यात तिचा आवाज वर चढत जायचा, भिंतींना टेकून परत यायचा, आणि दुपार कुठेतरी पाण्यावर तरंगत असल्यासारखी वाटायची... माझी नगरी जीभ त्यात धाडकन आपटायची. एकदा तर ती इतकी हसली की पायरीवर बसलीच. मी चिडले, "आता तूही?"

ती डोळे पुसत म्हणाली, "हसली गो. पन हसून झाल्यावर तुजं आयकनार हाय ना मी? तू परत म्हन." मी परत म्हटलं. या वेळी तिने ओळ शेवटपर्यंत ऐकली. मग हळूच म्हणाली, "ते हसतात त्याचं नाय गो मना. हसून झाल्यावर कोन आयकत नाय."

पुढच्या सोमवारी तिने ऐकवलं. यार्डात क्रेन बिघडली होती, ते सांगताना तिने इंग्रजीची वाट धरलीच नाही, सरळ तिच्या बोलीत सांगितलं. विवेकने "हाय गो" केलं, लोक हसले. ती थांबली. हशा पार विझेपर्यंत, पंख्याचा आवाज ऐकू येईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "झालं हसून? आता आयका." आणि तेच वाक्य, एकही शब्द न बदलता, पुन्हा. साहेबांनी विवेककडे बघून विचारलं, "व्हॉट इज शी सेइंग?" विवेकला मान खाली घालून भाषांतर करावं लागलं.

जग काही बदललं नाही. विवेक अधूनमधून चावटपणा करायचाच, ही दर वेळी थांबायची आणि पुन्हा सांगायची. तिला बढती दोन वर्षांनी मिळाली, तीही कुरकुरत. पण पुढच्या लग्नसराईत मांडवात ती गायली तेव्हा मागच्या बायकांनी ओळ उचलली. मी तिथे होते. त्या बायकांत बसून मीही उचलली, आणि त्या माझ्याकडे बघून खुशाल हसल्या.

कंपनी केव्हाच दुसरीकडे गेली. परवा बाजारात गेले होते तेव्हा पाय आपोआप त्या इमारतीकडे वळले. तोच जिना, तेच वळण, तीच काळवंडलेली खिडकी. सुळका धुक्यात होता. मी कठड्याला हात टेकून उभी राहिले आणि माझी ओळ म्हटली, मागची, उचलायची. माझ्या त्याच नगरी हेलात, आपटत-धोपटत.

मग थांबले. बराच वेळ थांबले.

कुणी हसलं नाही.